आष्टीला ठेवलेले पैसे

मल्लिनाथला नाही म्हणता येत नसे. हे त्याचं लहानपणापासूनचं दुखणं. एका लग्नात वाढप्याला नाही म्हणवेना, म्हणून या गड्यानं बुंदीचे नऊ लाडू रिचवले आणि दोन दिवस ओसरीत पालथा पडून राहिला. बायको महादेवी अजूनही पंगतीला जाताना त्याला दटावते, "पत्रावळीवर हात आडवा धरायला शिका जरा."

त्यात त्यानं श्रावणात म्हैस विकली. म्हैस काय गुपचूप विकता येते होय? दावणीचं जनावर दिवसाढवळ्या वेशीतून गेलं, सगळ्या वाडीनं पाहिलं. आठ हजार आले, हेही संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. धारूरपासून दोन कोसांवरची वाडी ती. तिथं कुणाच्या घरी आमटीला फोडणी कशाची पडली हे कळतं, तर आठ हजार कसे लपणार?

विश्वेश्वरला तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो मल्लिनाथचा लहानपणापासूनचा मित्र आणि सावडीचा भागीदार. दोघांकडे एकेकच बैल. मल्लिनाथचा गुलब्या आणि विश्वेश्वरचा दिवाण. पेरणी आली की दोघांचे बैल एका जुवाला लागत. आधी एकाचं रान, मग दुसऱ्याचं. गेली सहा वर्षं हे असंच चाललं होतं. एक बैल घेऊन कुणाची तिफण चालत नाही, त्यामुळे दोघांना भांडण परवडण्यासारखं नव्हतं.

त्या वर्षी हस्ताचा पाऊस झकास झाला. चार दिवसांनी रानाला वापसा आला. माती मुठीत दाबली की गोळा व्हायची, सोडली की मोकळी व्हायची. असा वापसा पाच-सहा दिवस टिकतो. तेवढ्यात ज्वारी जमिनीत गेली तर गेली, नाहीतर वर्षभर विकतची भाकर.

रविवारी मल्लिनाथच्या रानात तिफण लागली. विश्वेश्वर जोत्यावर, महादेवी चाड्यात मूठ-मूठ बी सोडत मागं, मल्लिनाथ पुढचे दगड वेचत. दिवाण मोठा नखरेल बैल. विश्वेश्वरनं जिभेनं 'टक्-टक्' केल्याशिवाय पाऊल उचलत नसे. मालकाचा आवाज नसला की हा साहेब रजेवर.

संध्याकाळी जू सोडताना विश्वेश्वर म्हणाला, "मल्ल्या, एक काम हाय तुझ्याकडं."

"बोल की."

"मी छत्री घेतोय."

"पाऊस तर संपला बे."

"ती न्हाई. टीव्हीची. माळवदावर बसवायची. धारूरला तीन जणांनी बसवली. दिवसरात पिच्चर! घरटी पन्नास रुपये म्हैन्याला. चाळीस घरं धर, किती झाले?"

वाडीत टीव्ही नऊ होते आणि त्यातले दोन बंद. पण मल्लिनाथनं ते काढलं नाही. पुढं काय येणार हे त्याला कळलं होतं.

"आठ हजार कमी पडत्यात. तुझ्याकडं म्हशीचे हायत. दिवाळीनंतर वापस."

आता मल्लिनाथला पैसे द्यायचे नव्हते. छत्री चालेल की नाही हा प्रश्नच नव्हता. प्रश्न सटवाचा होता.

सटवा म्हणजे मागच्या गल्लीतला. चार वर्षांपूर्वीपर्यंत रोज संध्याकाळी मल्लिनाथच्या ओसरीवर यायचा. तलाठ्याची, मास्तरची, स्वतःच्या सासऱ्याची अशी नक्कल करायचा की महादेवी चुलीपुढं बसून पोट धरून हसायची. एकदा त्यानं तीनशे रुपये मागितले. मल्लिनाथनं दिले. ते फिटले नाहीत आणि सटवा यायचा बंद झाला. आता तो मल्लिनाथ दिसला की वाट बदलतो, पिकात शिरतो. एकदा तर बाभळीवर चढला होता. मल्लिनाथनं कधी एका शब्दानं पैसे मागितले नाहीत. तीनशे गेल्याचं त्याला काही वाटत नव्हतं. सटवा गेल्याचं वाटत होतं, अजूनही वाटतं.

विशाही असाच बाभळीवर चढलेला मल्लिनाथला पाहायचा नव्हता. पण हे तोंडानं कसं म्हणायचं? म्हणून तो म्हणाला, "दिवेलागण झाली विशा. या टायमाला पैशाचं नाव काढू न्हाई."

"बरोबर हाय," विश्वेश्वर लगेच म्हणाला. "उद्या बोलू."

"उद्या सोमवार."

सोमवार नंदीचा. वाडीतली त्यांच्या समाजाची घरं सोमवारी बैलाला जू लावत नाहीत आणि मल्लिनाथच्या घरून सोमवारी पैसाही बाहेर जात नाही. विश्वेश्वरनं तेही मान्य केलं. काम नव्हतं म्हणून तो सोमवारी सकाळीच ओसरीवर येऊन बसला आणि दिवसभर छत्री कुठल्या दिशेला तोंड करून बसवतात ते समजावत राहिला. उठताना म्हणाला, "मंगळवारचं पक्कं मग."

मंगळवारी सकाळी जू बांधता बांधता त्यानं नुसती मान वर केली. मल्लिनाथची रात्र विचारात गेली होती. सोमवारच्या पुढं शास्त्रात काही सापडत नव्हतं. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. महादेवी बांधावर बियाणाचं गाठोडं सोडत होती.

"हिचं ऑपरेशन हाय," तो हळूच म्हणाला. "खडा हाय पोटात. लई मोठा. कुणाला सांगू नको."

विश्वेश्वरचा चेहरा उतरला. त्यानं खरंच मल्लिनाथच्या खांद्यावर हात ठेवला. "काय सांगतो! वैनीला? आन् तू तिला चाड्यावर धरतो व्हय?"

त्यानं कुणाला सांगितलं नाही. फक्त न्याहारीला घरी गेला तेव्हा बायकोला सांगितलं.

दुपारी विश्वेश्वरची बायको रुक्मिणीबाई शेतात आली. एकटी नाही, बरोबर आणखी चौघी. डब्यात मऊ भात, तांब्यात ताक, एकीच्या हातात अंगारा. महादेवी त्या वेळी अर्धं पोतं ज्वारी पाठीवर घेऊन बांध चढत होती.

"अगं बया, टाक ते!" रुक्मिणीबाई ओरडली. "मरायचंय का?"

दोघींनी पोतं ओढून घेतलं, दोघींनी महादेवीला धरून बाभळीच्या सावलीत आडवं केलं. कपाळाला अंगारा लागला. भिवराबाई नावाची म्हातारी तिच्या पोटावर बोट दाबून बाकीच्यांना म्हणाली, "हितंच हाय. लागतोय हाताला."

"काय लागतंय?" महादेवी म्हणाली.

"खडा."

महादेवीनं झोपल्या जागेवरून नवऱ्याकडं पाहिलं. मल्लिनाथ त्याच क्षणी गुलब्याच्या शेपटीत अडकलेलं गोखरू काढायला लागला. बायका जाईपर्यंत ती बिचारी गप्प पडून राहिली, मऊ भातही खाल्ला. मग उठली, पदर खोचला आणि नवऱ्यापुढं येऊन उभी राहिली.

"सांजच्याला घरी या," एवढंच म्हणाली.

घरी जायची वेळ यायच्या आत विश्वेश्वर पुन्हा जवळ आला. म्हणाला, "मल्ल्या, मी काय म्हणतो, बीडच्या सरकारी दवाखान्यात माझा मावसभाऊ वॉर्डबॉय हाय. फुकटात करून देतो ऑपरेशन. मग तुझे पैसे मोकळेच की."

मल्लिनाथच्या डोळ्यांपुढं दवाखान्यातल्या खाटेवर तोंडात थर्मामीटर धरलेली महादेवी आली. आणि एका खोट्यातून निसटायला माणूस दुसरं खोटं धरतो, तसं त्याच्या तोंडून निघून गेलं, "पैसे हितं न्हाईतच बे. केदारकडं ठिवलेत. आष्टीला."

केदारनाथ म्हणजे महादेवीचा धाकटा भाऊ. आष्टीत सासऱ्याच्या कापडदुकानात बसायचा. आष्टी म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. एसटीनं बीडला जायचं, तिथं गाडी बदलायची, संध्याकाळ होते पोचायला. मल्लिनाथनं निवांत श्वास सोडला.

बुधवारी विश्वेश्वर शेतात आलाच नाही. रुक्मिणीबाई दिवाणला आणून बांधून गेली. म्हणाली, "ते पहिल्या गाडीनं आष्टीला गेले. तुमचं तुमी चालवा म्हणले."



तरी त्यानं जू लावलं. दिवाण दहा पावलं चालला आणि बसला. 'टक्-टक्' केलं, चुचकारलं, शेपटी पिळली. बैलानं मान वळवून एकदा बघितलं आणि रवंथ करायला लागला. ओढाताणीत तिफणीचा एक फण दगडाला अडकून वाकला. उरला होता फक्त अर्धा एकर, तोही तसाच राहिला. पलीकडं विश्वेश्वरचं दोन एकर रान अजून पेरायचंच होतं. वरची माती उन्हानं पांढरी पडत चालली होती.

मल्लिनाथ तिफण खांद्यावर टाकून धारूरला जाकीरच्या दुकानी गेला. जाकीर वेल्डिंग करायचा, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी बांधायचा. फण भट्टीत तापत असताना तिथं एक जण आला. गाडी लावली, पान थुंकलं, म्हणाला, "जाकीरभाई, पाचशे रुपये पायजेत. पंधरा दिवसांत देतो."

जाकीरनं हातोडा थांबवला. त्या माणसाकडं सरळ बघून म्हणाला, "न्हाई भाई, पैसे न्हाई देत मी."

"अडचण हाय."

"असंल. पैसे न्हाई देत मी. चहा घेतोस?"

"आरं, कावून पण?"

"देत न्हाई म्हणून. बस, चहा सांगतो."

तो माणूस थोडा लाल झाला. मग बसला. चहा प्याला, मोसंबीच्या भावाबद्दल बोलला आणि जाताना हात करून गेला. मल्लिनाथ आ वासून बघत होता.

"जाकीर, तू त्याला काही कारणच सांगितलं न्हाई."

"कारण कशाला सांगू? मी म्हणलो गल्ल्यात न्हाईत, तर तो संध्याकाळी येतो. म्हणलो पोरगी आजारी हाय, तर पोरीला बघायला येतो. मग मी रोज नवं कारण शोधत बसू का मोटार बांधू?" जाकीरनं फण चिमट्यानं उचलला. "त्याला वंगाळ वाटलं थोडं. वाटू दे की. पैसे मागायला आलता, वाटणारच. पण चहा प्यायला की न्हाई?"

"आन् दोस्त असला तर?"

"मग तर चहा चांगला सांगायचा."

मल्लिनाथ सरळ झालेला फण तिफणीला बसवून परतला. वाटभर तोंडातल्या तोंडात म्हणत होता, "पैसे देत न्हाई मी. पैसे देत न्हाई मी." समोरून येणाऱ्या एका म्हातारीनं घाबरून कमरेची पिशवी घट्ट धरली.

घरी महादेवीला सगळं सांगावंच लागलं. भावाचं नाव ऐकल्यावर तिनं भाकरीचं पीठ परातीत आपटलं. "आजारी केलं, ते मी सोसलं. माज्या भावाला चोर केलं तुमी?"

"चोर कुठं, नुसते ठिवायला..."

"द्यायचेत का विश्वेश्वरभाऊंना?"

"न्हाई."

"मंग न्हाई म्हणायला काय जीभ झिजती का? खडा काढला, भाऊ काढला, उद्या माजा बाप वर जाऊन बसलाय त्यालाबी खाली आणताल!"

गुरुवारी दुपारी विश्वेश्वर उगवला. धुळीनं माखलेला, डोळे तांबारलेले. मागं केदारनाथ, हातात रेक्झिनची पिशवी, चेहरा फुगलेला. मल्लिनाथ रानात दिवाणपुढं हिरवा चारा धरून त्याची मिनतवारी करत होता.

"दाजी!" केदारनाथ बांधावरूनच ओरडला. "कोणते आठ हजार? भर दुकानात, गिऱ्हाईकं बसल्याली, हे म्हणत्यात, दाजीचे पैसे काढ. सासरा ऐकतोय! बायको म्हणती माज्यापासून लपवले. कालपासून घरात भाकर न्हाई मला!"

"मी सांगतो तुला," विश्वेश्वर मल्लिनाथकडं वळला, "मेव्हण्यानं खाल्ले तुझे पैसे. ह्याला धरूनच आणलाय. आता तोंडावर विचार."

एवढी मेहनत! मल्लिनाथच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. हा माणूस त्याचे नसलेले पैसे सोडवायला जिल्ह्याच्या त्या टोकाला जाऊन आला होता. बरंच झालं असतं म्हणा पैसे दिले असते तर, असंही त्याच्या मनात आलं. महादेवी चाड्यापाशी उभी होती.

मल्लिनाथनं चारा खाली ठेवला.

"केदार, तुझ्याकडं माझा रुपया न्हाई. मी खोटं बोललो. तुझ्या घरी येऊन, तुझ्या सासऱ्यापुढं सांगतो." मग तो मित्राकडं वळला. "विशा, हिला खडा न्हाई. पैसे माझ्या घरात हायत. आन् ते मी तुला देणार न्हाई."

विश्वेश्वरला आधी समजलंच नाही. "म्हंजी कवा देणार?"

"न्हाई देणार."

"कावून?"

मल्लिनाथचं तोंड उघडलं. आत कारणांची रांग लागली होती. पत्रे, लग्न, विहिरीवरची मोटार, एकेक पुढं ढकलत होतं. त्यानं तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. "देणार न्हाई म्हणून."

"चार दे मग."

"न्हाई विशा."

"माझ्यावर भरवसा न्हाई?"

इथं तो गडबडला. भरवसा आहे म्हणावं तर पैसे काढावे लागणार, नाही म्हणावं तर ते खरं नव्हतं. शेवटी म्हणाला, "तू माझा दोस्त हायस. पैसे न्हाई देणार मी. दुसरं काय बी सांग." मग खिशातून नव्वद रुपये काढून जुवावर ठेवले. "हे आष्टीचं भाडं. माझ्या खोट्यापायी गेलं तुझं. हे तुझेच हायत."

विश्वेश्वरनं नोटांकडं पाहिलं, मल्लिनाथकडं पाहिलं. कान लाल झाले होते त्याचे. त्यानं दिवाणचं दावं सोडलं आणि नोटा तिथंच ठेवून निघाला. दोन दिवस हलला नव्हता तो बैल मालकामागं तुरुतुरु चालत गेला.

"गेली पेरणी," केदारनाथ म्हणाला.

त्या रात्री मल्लिनाथला झोप लागली नाही. महादेवीनं एकदाच विचारलं, "वंगाळ वाटतंय?"

"लई."

"वाटू द्या," ती म्हणाली आणि कूस बदलली. थोड्या वेळानं तिकडं तोंड करूनच म्हणाली, "पर झ्याक बोललात."

शुक्रवारी तांबडं फुटायच्या आत तो उठला. सावडीच्या हिशेबानं आता पाळी विश्वेश्वरच्या रानाची होती. पैशाचं पैशापाशी, सावड सावडीपाशी. गुलब्याला सोडलं, तिफण खांद्यावर घेतली. महादेवीनं न विचारता बियाण्याची ओटी बांधली.

विश्वेश्वर आपल्या रानात एकटाच उभा होता, टाचेनं माती उकरून ओल बघत. ओल आता चार बोटं खाली गेली होती. त्यानं मल्लिनाथला येताना पाहिलं आणि पाठ फिरवली. मल्लिनाथनं जू मांडलं. गुलब्याला एका बाजूला लावलं आणि थांबला. तेवढ्यात बांधाला चरणारा दिवाण मान वर करून बघायला लागला, मग आपल्या आपण चालत आला आणि गुलब्याशेजारी, जुवाखाली मान घालून उभा राहिला.

"हरामखोर," विश्वेश्वर म्हणाला. ते कुणाला हे कळलं नाही. त्यानं येऊन जोतं बांधलं, जिभेनं 'टक्-टक्' केलं. तिफण चालली.

तीन फेरे मुकाट्यानं झाले. चौथ्या फेऱ्याला बांधावर वळताना विश्वेश्वर समोर बघतच म्हणाला, "तीन हजार?"

"न्हाई."

दोन फेरे झाले.

"दीड?"

"न्हाई विशा."

"हं."

महादेवी पदरात तोंड लपवून बी सोडत होती. न्याहारीपर्यंत आकडा शंभरावर आला होता. ऊन चढलं, बैलांच्या तोंडाला फेस आला. तेवढ्यात समोरच्या पाऊलवाटेनं सटवा येताना दिसला. डोक्यावर सरपणाचा भारा. त्यानं मल्लिनाथला पाहिलं मात्र, भारा तसाच टाकला आणि ओढ्यात उडी मारली. लाकडं वाटेवर पसरली.

"ह्याला काय झालं बे?" विश्वेश्वर म्हणाला.

"काही न्हाई. मला बघून करतो तसं."

"किती दिलते?"

"तीनशे."

"आन् तवापासून?"

"चार वर्सं झाली."

विश्वेश्वर तिफण धरून नुसता उभा राहिला. ओढ्याच्या काठावरून सटवाचं डोकं वर आलं आणि पुन्हा खाली गेलं. "लई भारी नकला करायचा," विश्वेश्वर म्हणाला. "तुझ्या ओसरीवर. मी यायचो की ऐकायला."

"व्हय," मल्लिनाथ म्हणाला. मग तो जाऊन पसरलेली लाकडं गोळा करून पुन्हा भारा बांधून वाटेच्या कडेला ठेवून आला. ओढ्याकडं त्यानं बघितलं नाही.

दोन एकर संपायला दिवस मावळतीला गेला. शेवटचा फेरा झाला. जू सोडलं. विश्वेश्वर बांधावर बसला, तंबाखूसाठी खिसा चाचपला. रिकामा होता. मल्लिनाथनं आपली चंची पुढं केली आणि तिच्याबरोबर कालचे ते नव्वद रुपयेही. विश्वेश्वरनं आधी तंबाखू मळली, दाढेला धरली, मग नोटा मोजून खिशात घातल्या.

"सकाळी तुझं अर्धं एकर काढून टाकू," तो म्हणाला. "ओल हाय अजून."

"ये."

"मल्ल्या, आता पैसे मागत न्हाई मी. नुसतं विचारतो. खरं कारण काय होतं?"

मल्लिनाथनं ओढ्याकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं आणि सांगायला तोंड उघडलं.

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे!" विश्वेश्वर घाईघाईनं उठला, दिवाणचं दावं हातात घेतलं. "तू कारण सांगितलं की मला कुठंतरी जावं लागतं."